नोकरीचा अर्ज भरण्याआधी: नागपुरातल्या तरुण गायक-लेखकांना पत्र

नागपुरातल्या तरुण गायक-वादक आणि लिहित्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी कुणी विशारद झालं आहे, कुणी आकाशवाणीच्या ऑडिशनमध्ये बी ग्रेड मिळवली आहे, कुणाच्या दोन-तीन कथा दिवाळी अंकांत आल्या आहेत. आणि आता लिपिक-टंकलेखकाची जाहिरात निघाली की तुमच्या घरात तोच वाद सुरू होतो. घरचे विचारतात, गाण्यानं पोट भरते काय? गुरुजी म्हणतात, एकदा कचेरीत शिरलास की गाणं संपलंच समज. दोघांनाही तुमची काळजी आहे. पण दोघंही नोकरी हा शब्द असा वापरतात, जणू सगळ्या नोकऱ्या एकसारख्याच असतात. मी आयुष्यभर हिशेबाच्या कचेरीत काम केलं आणि संध्याकाळी हार्मोनियमची साथ केली. त्या बळावर सांगतो, नोकरी करायची की कला, हा प्रश्न फार ढोबळ आहे. नोकरी दिवसातले कोणते तास घेते, तुम्हाला कोणत्या गावी नेऊन ठेवते आणि शरीराचा-मनाचा नेमका कोणता भाग वापरून टाकते, हे आधी विचारायला हवं.

यासाठी मला ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्यांच्या नावाच्या सभागृहात तुम्ही अनेकदा गेला आहात. सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहाच्या रंगमंचावर आपण गातो, वाजवतो, पण ज्यांचं नाव दारावर आहे त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली, हे तुमच्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक नसतं.

वसंतरावांचा जन्म १९२० सालचा, मूर्तिजापूरचा. वाढले मात्र नागपुरात, आणि तेही आईने एकटीने वाढवलेलं मूल म्हणून. इथे शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात त्यांचं गाणं सुरू झालं. पुढे सी. रामचंद्र म्हणून देशभर गाजलेले राम चितळकर तिथे त्यांच्याबरोबर शिकत होते. १९३५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’ चित्रपटात वसंतराव कृष्ण झाले. पंधरा वर्षांच्या मुलाला सिनेमात मुख्य काम मिळालं, आवाजाचं कौतुक झालं, आणि तरीही काही वर्षांनी तो मुलगा पुण्यात मिलिटरी अकाउंट्सच्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झाला. घर चालवायचं होतं.

त्यांच्या त्या नोकरीविषयी बोलताना लोक हळहळतात. एवढा मोठा गवय्या, ऐन उमेदीची वर्षं फायलींत गेली, असं म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. त्याच नोकरीने वसंतरावांना नागपुराहून पुण्याला नेलं, आणि त्या काळच्या पुण्यात किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने होते. त्यांच्याकडे वसंतराव शिकले. पुण्यातच पु. ल. देशपांड्यांसारखा जिवाला जीव देणारा मित्र त्यांच्याजवळ होता, नाटक-सिनेमाची माणसं होती, मैफली होत्या. दहा ते पाच कचेरी आणि बाकीचा दिवस गाण्याचा, असं ते आयुष्य होतं. महिन्याच्या एक तारखेला पगार हातात पडत होता, त्यामुळे कुणाला आवडेल तसंच गाण्याची सक्ती नव्हती. वसंतरावांचं गाणं कुठल्याही एका घराण्याच्या चौकटीत बसत नव्हतं. सुरेशबाबूंची तालीम, त्याआधी लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे घेतलेला मारवा, मास्टर दीनानाथांच्या गाण्याचा ठसा, हे सगळं त्यांच्यात एकत्र नांदत होतं, आणि त्यामुळेच काही जाणकार मंडळी त्यांना गवय्या मानायला लवकर तयार नव्हती. ज्याचं घर फक्त बिदागीवर चालतं, त्याला अशा वेळी वाकावं लागतं. निदान वाकायचा मोह होतो. वसंतराव वाकले नाहीत. यामागे त्यांचा स्वभाव होताच, पण पगाराचाही हात होता, असं माझं ठाम मत आहे.

मग त्याच नोकरीने त्यांची बदली नेफात केली. आजचा अरुणाचल प्रदेश. खातं तेच, खुर्ची तीच, पगारही फार वेगळा नसणार. पण तिथे ना मैफल, ना साथीला कुणी, ना ऐकणारा कान. पुण्यात ज्या नोकरीने गाण्याला आधार दिला, त्याच नोकरीने गाण्याचा श्वास कोंडला. परत आल्यावर साठच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी नोकरी सोडली. तेव्हा ते पंचेचाळिशीच्या आसपास होते.

नोकरी सोडली तेव्हा ‘कट्यार काळजात घुसली’ अजून रंगमंचावर यायचं होतं. ते आलं डिसेंबर १९६७ मध्ये, आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेने वसंतराव घराघरांत पोहोचले. म्हणजे मोठं यश दारात उभं होतं म्हणून त्यांनी राजीनामा दिला, असं नाही. पण ते रिकाम्या हातांनीही बाहेर पडले नव्हते. नाटक, चित्रपट, मैफल या सगळ्या ठिकाणी त्यांचं नाव आणि आवाज लोकांना वीस वर्षांपासून माहीत होता. त्यांना बोलावणारी माणसं होती. अडचण होती ती बोलावल्यावर जाता येण्याची. राजीनाम्याची वेळ कोणती, हे त्यांच्या आयुष्यातून मला असंच कळतं. जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो: ‘कट्यार’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचे, इथल्या रंजन कला मंदिराचे, आणि तेही आकाशवाणीच्या नोकरीत होते. एका नोकरदाराने लिहिलेल्या नाटकात नोकरी सोडून आलेला गायक उभा राहिला.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. आधी पैशांचं बोलू, कारण कलावंतांच्या घरात पैशांचं बोलणं नेहमी शेवटी आणि भांडणातच निघतं. समजा, तुम्ही नोकरी न करता गाण्यावर राहायचं ठरवलं. महाल किंवा त्रिमूर्तीनगरच्या घरी पंधरा विद्यार्थी येतात आणि प्रत्येकी हजार रुपये देतात. कागदावर पंधरा हजार झाले. पण मार्चमध्ये परीक्षा म्हणून निम्मे गळतात, मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की उरलेल्यांतलेही काही आजोळी जातात, आणि जून उजाडेपर्यंत हाती चार-पाच हजारच राहतात. कार्यक्रमांचंही तसंच. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, मग हिवाळ्यातले महोत्सव. पितृपक्षात आणि भर उन्हाळ्यात मात्र फोन वाजत नाही. समजा, दहा हजार मानधन ठरलं. त्यातून तबल्याचे, पेटीचे, तानपुऱ्यावर बसणाऱ्याचे आणि गाडीचे गेले की गाणाऱ्याच्या हातात तीन हजार उरले तरी पुष्कळ. आकाशवाणीचं रेकॉर्डिंग प्रतिष्ठेचं खरं, पण बी ग्रेडच्या कलाकाराला वर्षात बोलावणी मोजकीच येतात. त्या पैशांवर घरभाडं निघत नाही.

म्हणून आपलं वर्षभराचं उत्पन्न महिन्यावार मांडून पाहा, आणि बेरजेपेक्षा सर्वांत कोरडा महिना कोणता ते बघा. वर्षाची सरासरी पाहून माणूस फसतो. घरभाडं सरासरीने द्यायचं नसतं, मे महिन्याचं मे महिन्यात द्यायचं असतं. राज्य सरकारच्या लिपिकाचं सुरुवातीचं मूळ वेतन १९,९०० रुपये, वर महागाई आणि घरभाडे भत्ता. ही रक्कम मोठी नाही. पण ती मे महिन्यातही येते.

पैशांचं एवढं पुरे. तासांचा हिशेब जास्त महत्त्वाचा, आणि तो कुणीच मांडून दाखवत नाही.

२०२० च्या फेब्रुवारीअखेरपासून राज्य सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे आणि वेळ आहे सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. कलावंताच्या दृष्टीने याचा अर्थ काय? पहाटे पाच ते साडेसात हे अडीच तास पूर्ण तुमचे. शनिवार-रविवार तुमचे, म्हणजे गुरूकडे सलग बसून शिकणं शक्य. नागपुरातला संध्याकाळचा कार्यक्रम सातला सुरू होत असेल तर कचेरीतून थेट जाता येतं, घाम पुसून स्वर लावायला जेमतेम वेळ मिळतो, पण मिळतो. अडतं ते बाहेरगावी. यवतमाळला गुरुवारी मैफल असेल तर दीडशे किलोमीटर जायचं, साउंड बघायचा, म्हणजे दुपारीच निघावं लागणार. त्यासाठी तुमच्याकडे वर्षाला आठ नैमित्तिक रजा. आजारपण, घरचं लग्न, मुलांची शाळा हे सगळं त्या आठांतच. अर्जित रजा असते, पण ती आधी मागून मंजूर करून घ्यावी लागते, आणि कार्यक्रमाचा फोन बहुतेक वेळा चार दिवस आधी येतो. म्हणजे अशा नोकरीत राहून आठवड्याच्या मधल्या दिवशी बाहेरगावी वर्षाला पाच-सहा मैफली करता येतात. तुम्हाला आज अशी दोनच बोलावणी येत असतील, तर नोकरी तुमचं काहीही हिरावून घेत नाही. पंचवीस येत असतील, तर घेते. आकडा तुमचा तुम्हाला माहीत आहे. तो खरा सांगा, घरच्यांनाही आणि स्वतःलाही.

आता हाच हिशेब मिहानमधल्या एखाद्या कंपनीच्या नोकरीला लावून बघा. पगार दुप्पट असू शकतो. पण परदेशी ग्राहकांच्या वेळेनुसार दुपारी दोनला जाऊन रात्री अकराला सुटायचं असेल तर मैफलीच्या सगळ्या संध्याकाळी गेल्या, आणि रात्री एकला झोपणारा माणूस पहाटे खर्जाला बसू शकत नाही. असे गुणी गायक मी पाहिले आहेत, ज्यांचं गाणं पगार वाढत असताना तीन-चार वर्षांत आटलं. त्यांनी गाणं सोडलं नव्हतं. दिवसात गाण्याला जागाच उरली नव्हती. लेखकांना मात्र अशी पाळी कधी कधी मानवते. सकाळचे चार तास मोकळे मिळाले तर कादंबरी पुढे सरकते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कमी बोलली जाते. नोकरीने तुमच्या कलेचंच हत्यार झिजवायला नको. गाणाऱ्या मुलीला लोक हमखास सुचवतात, शिक्षिका हो, सुट्ट्या असतात. सुट्ट्या असतात हे खरं, पण साठ मुलांच्या वर्गात रोज पाच तास आवाज चढवून बोलल्यावर संध्याकाळी तार सप्तकातला षड्ज कसा लागतो ते शिक्षिका असलेल्या गायिकेला विचारा. गळा एकच असतो. कॉल सेंटरचंही तेच. गायकाला न बोलता करायचं काम बरं: हिशेब, नोंदी, ग्रंथालय. वादकाचं उलट. त्याने बोलावं हवं तेवढं, पण बोटं-मनगटं दुखतील असं काम टाळावं. आणि लेखकाने वर्तमानपत्राच्या डेस्कवर किंवा जाहिरातीच्या कंपनीत जाण्याआधी दोनदा विचार करावा. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करून, दुसऱ्यांच्या मालासाठी शब्द शोधून घरी आल्यावर स्वतःचं वाक्य लिहायला मन तयार होत नाही. अपवाद आहेत. पण ते अपवाद आहेत हे लक्षात ठेवून जा.

आपल्या शहरात याच्या दोन्ही बाजू दिसतात. ग्रेस मॉरिस कॉलेजात मराठी शिकवत होते. महेश एलकुंचवार धरमपेठच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते, आणि ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये रंगमंचावर आलं तेव्हाही ते नोकरीतच होते. कायम पद, ठरलेले तास, मोठी सुट्टी आणि दिवसभर साहित्याच्याच सहवासात राहणं, असा तो योग होता. दुसरीकडे गजानन माधव मुक्तिबोध. मराठी घरातला हा हिंदी कवी १९४८ ते १९५८ या काळात नागपुरात राहिला. सरकारी प्रसिद्धी खातं, आकाशवाणी, ‘नया खून’ साप्ताहिक अशा नोकऱ्या बदलत संसार ओढत होता. राजनांदगावच्या महाविद्यालयात जागा मिळाली तेव्हा चाळिशी उलटली होती. १९६४ मध्ये ते गेले आणि ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यानंतर छापून आला. नोकरी तर त्यांनाही होती. पण अपुऱ्या पगाराची, आज आहे उद्या नाही अशी नोकरी दिवसही खाते आणि निर्धास्तपणही देत नाही.

म्हणूनच ग्रेस-एलकुंचवारांचं उदाहरण देऊन तुम्हाला कुणी प्राध्यापकीकडे ढकलत असेल तर आधी जागा कायम आहे का ते विचारा. आज एमए आणि नेट-सेट झालेल्या पुष्कळांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरचं काम येतं. जेवढे तास, तेवढे पैसे, सुट्टीचे नाहीत, बिलं काही महिने रखडतात. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसऱ्या टोकाला दोन तास, मध्ये गाडीवर ऊन. हे काम करू नका असं मी म्हणत नाही. पण याला सुरक्षित नोकरी समजून रियाजाचे तास त्याच्यावर खर्च करू नका. ही कोरड्या महिन्यांचीच नोकरी आहे, फक्त नाव वेगळं.

सरकारी नोकरी पत्करणार असाल तर नियमही वाचून ठेवा. राज्याच्या वर्तणूक नियमांत, १९७९ च्या, आणि केंद्राच्या १९६४ च्या नियमांतही साहित्यिक किंवा कलाविषयक प्रासंगिक काम पूर्वपरवानगीशिवाय करायला मुभा आहे. अट एवढीच की कामात कसूर होता कामा नये. साहेब प्रत्येक मैफलीला ना हरकत मागत असतील तर हा नियम नम्रपणे त्यांच्यासमोर ठेवता येतो. पण शब्द ‘प्रासंगिक’ आहे. घरी रोज फी घेऊन चालवलेला गाण्याचा वर्ग त्यात बसत नाही. त्यासाठी परवानगी लागते. पगार अधिक वर्ग, असं गणित मांडून जे नोकरीत येतात त्यांचं गणित इथे चुकतं. आणि वसंतरावांचं नेफा विसरू नका. अर्ज भरताना पदाची बदली कुठवर होऊ शकते ते बघा: कचेरीतल्या कचेरीत, जिल्ह्यात, विभागात की देशभर? गुरू नागपुरात असताना पाच हजार जास्त पगारासाठी देशभर बदलीचं पद घेणं मला महाग वाटतं. शिकण्याची पहिली दहा वर्षं तरी.

आता नोकरीत शिरल्यावर काही बिघडतंय हे कसं ओळखायचं? कार्यक्रम कमी झाले, हे लक्षण नाही. ते कमी-जास्त होत राहतात. गायकाने वर्षाच्या शेवटी आपली वही उघडावी आणि यंदा नवीन किती बंदिशी उतरवल्या ते बघावं. प्रत्येक मैफलीत तोच यमन, तोच बागेश्री आणि तीच भैरवी चालली असेल, आणि साथीदाराला तुम्ही काय गाणार ते बसण्याआधीच कळत असेल, तर रियाज थांबला आहे आणि फक्त जमा खर्च होते आहे. साथीला बसणाऱ्याला हे श्रोत्यांच्या आधी ऐकू येतं. पहिल्यांदा विलंबितात धीर सुटतो. आलापी आखडते, माणूस लवकर तानांवर येतो, कारण ताना जुन्या तयारीवर निघतात, ठहरावाला मात्र रोजचं बसणं लागतं. लेखकाच्या बाबतीत खूण अशी की मागणीनुसारचं लेखन चालू राहतं, प्रस्तावना, दिवाळी अंकाचा लेख, सूत्रसंचालनाची संहिता; पण कुणीही न मागितलेलं एखादं अर्धं पान टेबलावर नसतं.

असं दिसलं तर लगेच राजीनामा लिहू नका. आधी तास दुरुस्त करा. दुसरा विभाग मागून घ्या, मार्चअखेरच्या धबडग्यापासून दूरचं टेबल मागा, बढतीची परीक्षा एखाद वर्ष पुढे ढकला. बढती नाकारणारा माणूस कचेरीत वेडा ठरतो, पण तुम्ही नोकरी कशासाठी धरली आहे ते कचेरीला ठाऊक नसतं.

आणि नोकरी सोडण्याची अट रुजू होण्याआधीच ठरवा, घरच्यांसमोर बसून, कागदावर. माझ्या मते अट अशी असावी: सलग दोन वर्षं रजेअभावी नाकाराव्या लागलेल्या कामांचं मानधन, साथीदारांचे वजा करून, वर्षाच्या पगाराच्या निम्म्याच्या वर गेलं, आणि आठ कोरडे महिने निघतील एवढी शिल्लक बँकेत असली, की घरच्यांनी अडवायचं नाही. नाकारलेलं प्रत्येक काम त्यासाठी तारखेसह लिहून ठेवावं लागेल: गाव, संयोजक, ठरलेली रक्कम. येतील, मिळतील, बोलणं चाललंय, असली कामं त्यात धरू नका. आईवडिलांना गाण्यातलं काही कळत नसलं तरी अशी वही त्यांना वाचता येते, आणि निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

माझ्या ओळखीच्या एका तबलजीने अशी वही ठेवली होती. तिसऱ्या वर्षी ती त्याने वडिलांपुढे ठेवली. त्यांनी दोन दिवस वाचली, मधल्या दोन नोंदींवर खुणा करून हे पैसे खरंच मिळाले असते का म्हणून विचारलं, आणि मग एवढंच म्हणाले, दिवाळीचा बोनस घेऊन मग सोड.

तुमचा,
साथसंगतीतला एक जुना माणूस
नागपूर